कोडच्या आधी फाइल: एडिटरच्या पहिल्या कार्यशाळेचा तीन तासांचा आराखडा

शाळेतली पहिली कोडिंग कार्यशाळा कोडपाशी क्वचितच अडते. `<h1>` म्हणजे मोठं शीर्षक, हे आठवीतल्या लेकरांना पाच मिनिटांत कळतं. अडतं ते पुढे. लिहिलेलं गेलं कुठं? ते परत उघडायचं कसं? एडिटरमध्ये दिसतंय ते ब्राउझरमध्ये का दिसेना? ही मुलं मोबाइल हाताळत वाढली आहेत. तिथे मेसेज सेव्ह करावा लागत नाही आणि फोटो आपोआप गॅलरीत जाऊन बसतो. फाइल नावाची एक वस्तू असते, तिला नाव असतं, ती कुठल्यातरी फोल्डरमध्ये असते आणि आपण सांगितल्याशिवाय बदलत नाही, हे त्यांना कधी अनुभवायलाच मिळालेलं नसतं. म्हणून पहिल्या दिवशी एडिटर, फाइल आणि सेव्ह शिकवावं. कोड त्यात चवीपुरता असावा.

खालचा आराखडा शनिवारच्या सकाळच्या शाळेसाठी आहे, आठ ते अकरा. डोळ्यांसमोर जिल्हा परिषदेच्या हायस्कूलची प्रयोगशाळा धरली आहे. दहा-बारा संगणक, त्यातले आठ चालू, काहींवर विंडोज ७ तर काहींवर विंडोज १०, इंटरनेट नाही आणि लाइटीचा भरवसा नाही. वर्ग आठवी किंवा नववीचा, मुलं वीस-चोवीस. लातूर असो, परभणी असो की हिंगोली, चित्र साधारण हेच असतं.

अकरा वाजता प्रत्येक गटाला न विचारता एवढं जमलं पाहिजे: नवी फाइल काढणं, ती ठरलेल्या फोल्डरमध्ये ठरलेल्या नावानं ठेवणं, तिच्यात बदल करून तो ब्राउझरमध्ये पाहणं आणि एक मोडलेली ओळ शोधून दुरुस्त करणं. रंग, चित्रं, लिंक यातलं काहीही आज नको. "सर, कलर कसा द्यायचा?" हे कोणीतरी विचारणारच. उत्तर आहे, "पुढच्या वेळी." आणि ते पाळायचं.

आदल्या दिवशीची तयारी

एडिटर कुठला घ्यायचा यावर फार खल नको. व्हीएस कोड चांगला आहे, पण त्याच्या नव्या आवृत्त्या विंडोज ७ वर चालत नाहीत, आणि पहिल्यांदा उघडल्यावर जे पडदाभर येतं त्यानं मुलं बावरतात. विंडोजचं साधं नोटपॅड चालतं, पण त्याच्या दोन खोडी आहेत. `bajar.html` असं नाव दिलं तरी पुष्कळदा ते `bajar.html.txt` करून ठेवतं. शिवाय विंडोज ७ वरचं नोटपॅड मुळात युनिकोडमध्ये सेव्ह करत नाही, त्यामुळे मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उरू शकतात. मी नोटपॅड प्लस प्लस घेतो. ते फुकट आहे, हलकं आहे, जुन्या विंडोजवर चालतं, ओळींना आकडे देतं आणि मराठी नीट सेव्ह करतं.

त्याची ३२ बिटची पोर्टेबल झिप घ्या, म्हणजे ती जुन्या-नव्या दोन्ही यंत्रांवर चालेल. झिप उलगडून फोल्डर पेन ड्राइव्हवर ठेवा. या प्रकारात सगळ्या सेटिंग्ज त्याच फोल्डरात राहतात. म्हणून एका संगणकावर सगळं मनासारखं करून घ्यायचं, प्रोग्रॅम बंद करायचा आणि तेच फोल्डर बाकीच्या यंत्रांवर उतरवायचं. इन्स्टॉल करण्यासाठी पासवर्ड मागितला जात नाही, हा आणखी एक फायदा. प्रयोगशाळेचा ॲडमिन पासवर्ड बदली होऊन गेलेल्या सरांकडे असणं ही काही नवलाची गोष्ट नाही.

मनासारखं म्हणजे काय, तर `Settings` मधल्या `Preferences` मध्ये जाऊन दोन गोष्टी बंद करायच्या.

पहिली, `Auto-Completion`. ती चालू असली की मूल एखादं अक्षर टाइप करतं न करतं तोच शब्दांची यादी उघडते, आणि नव्या ओळीसाठी एंटर दाबलं की यादीतला भलताच शब्द आत शिरतो. मुलाला वाटतं आपलंच चुकलं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. `Backup` मध्ये `Remember current session for next launch` आणि `Enable session snapshot and periodic backup` या दोन खुणा असतात. त्या काढून टाका. त्या चालू असतात तेव्हा नोटपॅड प्लस प्लस सेव्ह न केलेला मजकूरही दर काही सेकंदांनी गुपचूप जपून ठेवतं, बंद करताना काही विचारत नाही आणि पुन्हा उघडल्यावर सगळं जसंच्या तसं दाखवतं. आपल्या रोजच्या कामात हे सोयीचं आहे, पण सेव्ह म्हणजे काय हे शिकवायच्या दिवशी घातक आहे. लाइट जाण्याची भीती असतानाही मी ते बंदच ठेवतो. मुलं दर ओळीला सेव्ह करत असतील तर जास्तीत जास्त एक ओळ जाईल, आणि ती गेलेली ओळ मुलांच्या चांगली लक्षात राहते.

यानंतर विंडोजला फाइलचं पूर्ण नाव दाखवायला लावा. विंडोज १० मध्ये कुठलंही फोल्डर उघडून `View` टॅबमध्ये `File name extensions` वर खूण करायची. विंडोज ७ मध्ये `Organize`, मग `Folder and search options`, मग `View`, आणि तिथे `Hide extensions for known file types` ची खूण काढायची. हे राहून गेलं तर `bajar.txt` आणि `bajar.html` ही दोन्ही नावं नुसती `bajar` अशी दिसतील आणि कार्यशाळेचा मधला भाग कोसळेल.

मराठी कीबोर्डही प्रत्येक यंत्रावर आदल्या दिवशीच घालून ठेवा. इन्स्क्रिप्ट मांडणी घ्या. ती विंडोजमध्येच असते, वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही. तिच्या मांडणीचा एक एक छापील कागद प्रत्येक टेबलावर हवा.

शेवटचं काम म्हणजे प्रत्येक डेस्कटॉपवर यंत्राच्या क्रमांकाचं एक फोल्डर करायचं, `sanganak-1`, `sanganak-2` असं. आज सगळं याच फोल्डरात जाईल. "माझी फाइल सापडंना" या तक्रारीतल्या बहुतेक तक्रारी एवढ्यानंच मिटतात.

बसायचं कसं

एका यंत्रावर दोघं, नाइलाज असेल तर तिघं. कीबोर्ड एकाकडे, आणि दुसऱ्यानं पडद्यावर बोट ठेवून सांगायचं. कीबोर्ड नसलेल्यानं कळीला हात लावायचा नाही. दर दहा मिनिटांनी अदलाबदल, आणि ती घड्याळ पाहून तुम्हीच मोठ्यानं जाहीर करायची. हे मुलांवर सोडलं तर ज्याच्या घरी संगणक आहे तोच तीन तास टाइप करतो आणि शेजारची मुलगी पाहत बसते. गटात तिसरं कोणी असेल तर इन्स्क्रिप्टचा कागद त्याच्या हाती द्या. "वा कुठंय?" या प्रश्नाचं उत्तर देणं हेच त्याचं काम.

तुमच्यावरही एक नियम आहे. मुलाच्या माउसला हात लावायचा नाही. सांगून जमत नसेल तर पुन्हा सांगायचं.

पहिली वीस मिनिटं: पाच शब्द

नोटपॅड प्लस प्लस उघडायचं. `Win` आणि स्पेस दाबून कीबोर्ड मराठी करायचा (विंडोज ७ वर `Alt` आणि `Shift`). खाली उजव्या कोपऱ्यातलं इंग्रजीचं चिन्ह बदललं का, ते प्रत्येकानं बोट ठेवून दाखवायचं. मग हे पाच शब्द, एका ओळीत एक:

```
बाजार
लातूर
तूर
गहू
कापूस
```

हे शब्द मुद्दाम निवडले आहेत, कारण यातल्या एकालाही शिफ्ट लागत नाही. बाजार लिहायला `y e p e j`, तूरसाठी `l t j`, गहूसाठी `i u t`. स्वरांच्या कळा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, आणि आधी व्यंजन मग मात्रा, एवढं सांगितलं की मुलं कागद पाहून स्वतःच लिहू लागतात. ऱ्हस्व वेलांटीसुद्धा व्यंजनानंतरच दाबायची, जरी ती पडद्यावर आधी उमटत असली तरी. लवकर आटोपलेल्या गटाला "मिरची" द्या, तिथे हे लगेच कळतं. बॅकस्पेस दाबल्यावर आधी नुसती मात्रा जाते आणि अक्षर मागे राहतं, हेही मुलं आपणहून शोधून काढतात.

सगळा मराठी मजकूर सुरुवातीलाच एकदम लिहून घेण्यामागे कारण आहे, ते टॅगपाशी आल्यावर कळेल.

चाळीस मिनिटं फक्त सेव्ह

वर टॅबवर फाइलचं नाव `new 1` असं असेल आणि शेजारी लाल फ्लॉपीचं चित्र. लाल म्हणजे सेव्ह व्हायचंय, निळी म्हणजे सेव्ह झालं. कार्यशाळाभर मुलांची नजर या चित्रावर गेली पाहिजे.

`Ctrl+S` दाबल्यावर खिडकी उघडेल. इथे थांबा. सगळ्यांचे हात कीबोर्डवरून वर. या खिडकीत तीन गोष्टी ठरतात आणि त्या याच क्रमानं करायच्या: आधी फोल्डर (डेस्कटॉप, मग आपल्या क्रमांकाचं), मग `Save as type` मध्ये सर्वात वरचा `All types`, आणि शेवटी नाव, `bajar.txt`. नावासाठी कीबोर्ड इंग्रजी, अक्षरं लहान, मध्ये जागा नाही. सेव्ह झाल्यावर टॅबवरचं नाव मोठ्यानं वाचायचं, "बाजार डॉट टीएक्सटी".

आता खरा धडा. डेस्कटॉपवरचं फोल्डर उघडून `bajar.txt` वर उजवी क्लिक, `Open with` आणि ब्राउझर. पाच ओळी दिसतील. एडिटरमध्ये परत या (`Alt+Tab`), सहावी ओळ लिहा, समजा "मका", पण सेव्ह करू नका. ब्राउझरकडे जाण्याआधी विचारा, "तिथं मका दिसेल का?" हात वर करायला लावा. बहुतेक जण हो म्हणतात. मग `Alt+Tab`, `F5`. मका नाही. वर्गात कुजबुज होते. एडिटरमध्ये परत, `Ctrl+S`, फ्लॉपी निळी, पुन्हा ब्राउझर, `F5`. आला मका.

इथे घाई नको. एडिटरच्या पडद्यावरचं म्हणजे फळ्यावर लिहिलेलं, आणि फाइलमधलं म्हणजे वहीत उतरवलेलं. ब्राउझर वही वाचतो, फळा त्याला दिसत नाही. या एका गोष्टीसाठी मी वेगवेगळ्या ओळींवर तोच खेळ तीन-चार वेळा करून घेतो, आणि प्रत्येक वेळी `F5` च्या आधी अंदाज विचारतो. एक ओळ खोडून पाहा. खोडली आणि सेव्ह केली नाही, तर ब्राउझरमध्ये ती अजून असेल का? मग `Ctrl+Z` आणि `Ctrl+Y`. आपल्या हातून काही बिघडलं तर ते मागे घेता येतं हे कळल्यावर मुलांचा कळ दाबतानाचा संकोच जातो.

मग एडिटर पूर्ण बंद करायला लावा, शेवटची ओळ सेव्ह न करता. आता तो विचारेल की सेव्ह करू का. दोन गटांना `Yes` म्हणायला सांगा, दोघांना `No`, आणि दोघांना `Cancel`. सगळ्यांनी `File` मधल्या `Open` ने फाइल पुन्हा उघडायची आणि कोणाचं काय झालं ते सांगायचं. फाइलवर डबल क्लिक केली तर ती दुसऱ्याच प्रोग्रॅममध्ये उघडेल, म्हणून बदल करायचा असेल तर एडिटरमधूनच `Open` करायचं.

वीस मिनिटं: शेपूट बदललं

त्याच फाइलवर `File`, `Save As`. नाव `bajar.html`. मजकुरातलं एकही अक्षर बदललेलं नाही. नाव फोल्डरमध्ये जाऊन बदलू नका. तसं केलं तर उघडलेल्या एडिटरला वाटतं की जुनी फाइल हरवली, आणि तो मुलांना नको ते प्रश्न विचारू लागतो.

आता फोल्डरमध्ये दोन फाइली दिसतील. `bajar.html` वर डबल क्लिक. ब्राउझर उघडतो आणि सगळं एका ओळीत येतं: बाजार लातूर तूर गहू कापूस मका. "सर, ओळी कामून मोडल्या?" हा प्रश्न मुलांकडून आला पाहिजे, तोवर बोलू नका. मजकूर तोच, पण नावाचं शेपूट बदलल्यामुळे ब्राउझरनं वाचायची रीत बदलली. `.txt` मध्ये तो ओळी जशा असतील तशा दाखवतो. `.html` मध्ये तो एंटरला फक्त एक रिकामी जागा मानतो आणि शीर्षक कुठलं, यादी कुठली हे आपण सांगायची वाट पाहतो. ते सांगायची खूण म्हणजे टॅग. टॅगची गरज मुलांना अशी दिसली की तो काय असतो हे समजावत बसावं लागत नाही.

एखाद्या जुन्या ब्राउझरमध्ये ओळ मोडण्याऐवजी अक्षरंच बिघडतील. "ज" च्या जागी `à¤œ` असलं काही दिसेल. फाइल ठीक आहे, फक्त ती कुठल्या लिपीसंकेतात लिहिली हे ब्राउझरला ओळखता आलेलं नाही. सर्वात वर एक ओळ घातली की झालं:

```html
<meta charset="utf-8">
```

नवे ब्राउझर संगणकावरची फाइल स्वतः ओळखतात, तरी ही ओळ सगळ्यांकडूनच घालून घ्या. मात्र तिचं स्पष्टीकरण एका वाक्यात संपवा.

यानंतर पंधरा मिनिटं सुट्टी. यंत्रं बंद करू नका. तेवढ्या वेळात सगळे `bajar.html` पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या.

पंचेचाळीस मिनिटं: टॅग

इन्स्क्रिप्ट मांडणीत `<` आणि `>` नाहीत. शिफ्ट आणि स्वल्पविरामाच्या कळीवर "ष" आहे, शिफ्ट आणि पूर्णविरामाच्या कळीवर दंड, आणि `/` च्या कळीवर "य". म्हणजे मराठी कीबोर्ड चालू असताना टॅग लिहिताच येत नाही. ओळीओळीला भाषा बदलत बसलं तर मुलं दमतात आणि कुठल्या क्षणी कोणता कीबोर्ड चालू आहे याचा पत्ता राहत नाही. आपण मराठी आधीच लिहून ठेवलं आहे, त्यामुळे कीबोर्ड एकदाच इंग्रजी करायचा आणि पुढचा सगळा वेळ तसाच ठेवायचा. कुठे "षप" उमटलं, तर मुलानं `<h` लिहायला घेतलंय आणि कीबोर्ड मराठीवर राहिलाय, हे लांबूनही ओळखता येतं.

सगळे टॅग एकदम फळ्यावर लिहू नका. आधी फक्त पहिली ओळ:

```html
<h1>बाजार</h1>
```

सेव्ह, `Alt+Tab`, `F5`. शीर्षक मोठं झालं, बाकी अजून एका ओळीत. मग लातूरला `<p>`. पुन्हा सेव्ह, `F5`. मग यादी. शेवटी फाइल अशी दिसेल:

```html
<meta charset="utf-8">
<h1>बाजार</h1>
<p>लातूर</p>
<ul>
<li>तूर</li>
<li>गहू</li>
<li>कापूस</li>
<li>मका</li>
</ul>
```

जाणकार म्हणतील, `<!DOCTYPE html>` कुठंय, `<head>` कुठंय, `<body>` कुठंय? मी पहिल्या दिवशी ते गाळतो. `<html>`, `<head>` आणि `<body>` लिहिले नाहीत तरी ब्राउझर ते मनातल्या मनात घालून घेतो आणि एवढ्याशा पानाला सगळ्यात वरच्या ओळीवाचूनही काही अडत नाही. सुरुवातीलाच पाच-सहा न कळणाऱ्या ओळी पाठ करून घेतल्या की मुलं कोडला मंत्र समजू लागतात. दुसऱ्या कार्यशाळेत त्या कारणासह येतील.

यादीतला पहिला `<li>` प्रत्येकानं हातानं लिहावा, दुसराही. तिसऱ्यापासून एडिटरची सोय दाखवा. ओळीवर कर्सर ठेवून `Ctrl+D` दाबलं की तीच ओळ खाली पुन्हा उमटते, मग फक्त शब्द बदलायचा. `.html` नाव मिळाल्यापासून टॅगना रंग आला आहे, तोही आता दाखवा. कर्सर `<h1>` मध्ये ठेवला की त्याचा जोडीदार `</h1>` उजळतो. टॅग बंद झाला की नाही हे तपासायची मुलांची पहिली रीत हीच.

शोधा-बदला दाखवायचं असेल तर इथे पाच मिनिटांत दाखवा. `Ctrl+H`, कीबोर्ड तेवढ्यापुरता मराठी, शोधायचा शब्द तूर, बदलायचा शब्द हरभरा, आणि `Replace All`. यादीत हरभरा आला, पण वर गावाचं नाव "लाहरभरा" झालं. मुलं हसून लोळतात. `Ctrl+Z` दाबून मागे या आणि हेच काम `Find Next` व `Replace` वापरून एकेक जागा पाहत करायला लावा. एडिटरला लातूर माहीत नाही, तो फक्त अक्षरं जुळवतो.

पंचवीस मिनिटं: मोडा आणि शोधा

प्रत्येक गटानं आपली फाइल सेव्ह करून शेजारच्या गटाला जागा द्यायची. शेजाऱ्यांनी एकच चिन्ह बिघडवायचं, सेव्ह करायचं आणि उठायचं. मूळ गटानं आधी ब्राउझर पाहायचा, कुठल्या ओळीत बिघाड आहे ते ओळीच्या आकड्यासह सांगायचं, आणि मगच एडिटरला हात लावायचा.

तुम्हाला हे बिघाड आधीच ओळखता यायला हवेत, म्हणजे नेमका इशारा देता येईल. शीर्षकाच्या शेवटी `</h1>` ऐवजी `<h1>` राहिलं तर खालचं सगळं पान मोठं आणि ठळक होतं. जिथून मोठं सुरू झालं त्याच्या जरा वर पाहायचं. `<` नंतर चुकून जागा पडली, म्हणजे `< p>` झालं, तर तो टॅग पानावर जसाच्या तसा छापला जातो. एखाद-दुसराच टॅग असा दिसला तर कारण बहुधा हे. पण सगळेच टॅग दिसत असतील तर ते चुकून `bajar.txt` मध्ये लिहिले गेले आहेत आणि ब्राउझरमध्येही तीच उघडली आहे, किंवा नाव `bajar.html.txt` झालं आहे. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत नाव वाचलं की उलगडा होतो.

`F5` दाबूनही काहीच बदलत नसेल तर तीन गोष्टी याच क्रमानं पाहा. फ्लॉपी लाल आहे का? टॅबवरचं आणि ब्राउझरच्या पट्टीतलं नाव एकच आहे का? फोल्डर तेच आहे का? तिसरं कारण फार वेळ खातं, म्हणून फोल्डर आधीच एक ठरवून ठेवलं.

एक बिघाड तुम्ही स्वतः, प्रोजेक्टर असेल तर सगळ्यांसमोर, करून दाखवा. `<meta>` च्या खाली `<title>बाजार</title>` घाला, सेव्ह करा, ब्राउझरच्या टॅबवर नाव आलेलं दाखवा. मग फक्त `</title>` खोडा. पान पूर्ण कोरं होतं. एडिटरमध्ये सगळा मजकूर शाबूत, ब्राउझरमध्ये काहीच नाही. घाबरून पुन्हा टाइप करू लागणाऱ्यांना थांबवा आणि ब्राउझरच्या टॅबवर माउस नेऊन ठेवा. शीर्षक बंद न झाल्यानं पुढचं सगळं पान शीर्षकातच गेलंय.

लाइट गेली तर

लाइट आल्यावर आधी सगळ्यांनी फाइल उघडायची आणि काय उरलं ते सांगायचं. बहुतेकांची एखादी ओळच गेलेली असते. क्वचित, नेमकं सेव्ह होत असताना वीज गेली, तर फाइलमध्ये मजकुराऐवजी `NUL` लिहिलेल्या काळ्या चौकटींची रांग दिसते. त्या खोडून काही हाती लागत नाही. सुट्टीत पेन ड्राइव्हवर घेतलेली प्रत द्या आणि पुढे चला. लाइट आलीच नाही तर मोडा-शोधा हा भाग कागदावर करता येतो. फाइलच्या छापील प्रतीत एक चिन्ह खोडून द्यायचं आणि ब्राउझरमध्ये काय दिसेल ते मुलांनी चितारायचं.

शेवटची पंधरा मिनिटं

नवीन फाइल, नाव `gaav.html`. आपल्या गावाच्या बाजाराचं पान: गावाचं नाव, बाजाराचा वार, तिथं मिळणाऱ्या चार वस्तू. क्रम तोच, आधी सगळं मराठी, मग कीबोर्ड बदलून सगळे टॅग. "मंगळवार" किंवा "गूळ" लिहिणाऱ्यांना "ळ" साठी शिफ्ट आणि `n` लागेल, ते सांगावं लागेल. बाकी तुम्ही खोलीच्या मागे उभे राहा आणि बोलू नका. कोण सेव्ह न करता `F5` दाबतं, कोण `Save As` च्या खिडकीत फोल्डर न पाहता एंटर मारतं, कोणाचा कीबोर्ड कुठे अडतो, हे वहीत टिपून ठेवा. पुढच्या कार्यशाळेचा पहिला अर्धा तास कशावर द्यायचा ते या टिपणावरून ठरेल. पान किती सुंदर झालं हे पाहू नका. पूर्ण न झालेलं पण ठरल्या फोल्डरात, ठरल्या नावानं सेव्ह असलेलं पान मी जमलेलं धरतो, आणि झकास दिसणारी पण `new 1` नावाचीच राहिलेली फाइल न जमलेली.

जाण्याआधी प्रत्येक गटानं एडिटर आणि ब्राउझर दोन्ही बंद करायचे, फोल्डरमधून आपलं पान पुन्हा उघडून दाखवायचं आणि मगच संगणक बंद करायचा. नोटपॅड प्लस प्लसचं फोल्डर यंत्रांवर तसंच राहू द्या. इन्स्क्रिप्टचे कागद टेबलांवर चिकटवून ठेवा, आणि सगळी `gaav.html` उतरवलेला पेन ड्राइव्ह संगणकाच्या मॅडमकडे द्या. पुढच्या शनिवारी यंत्र बदललं तरी प्रत्येकाला आपली फाइल त्यातून मिळेल.